साधी दुखापत

मार खाऊन आलेल्या माणसाला डॉक्टर आधी विचारतो, कुठं दुखतंय? आणि त्याला घेऊन आलेला हवालदार डॉक्टरला विचारतो, मॅडम, साधी का गंभीर? माझी निम्मी नोकरी या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं लिहिण्यात गेली. लोकांना वाटतं डॉक्टरीण म्हणजे नुसती सुई टोचणारी बाई. अहो, माझ्या एका शब्दावर माणूस आत जातो किंवा मिशीला पीळ देत घरी जातो, हे मला तरी नोकरीला लागेपर्यंत कुठं ठाऊक होतं?

माझं माहेर उत्रोलीचं. नोकरीची पहिली वर्षं वेल्ह्याच्या बाजूला गुंजवणीच्या खोऱ्यात गेली, मग भोरच्या वर, डोंगराच्या अंगाला एका सरकारी दवाखान्यात आले. खोरी वेगळी, पण मारामाऱ्यांची कारणं तीच. बांध, वाट, पाणी. पोलिसांची यादी, म्हणजे तपासणीसाठी दिलेली चिठ्ठी, हातात घेऊन माणूस यायचा, मी जखमा मोजायची, लांबी-रुंदी लिहायची, आणि शेवटच्या रकान्यात जखमेचा प्रकार टाकायची. साधी किंवा गंभीर.

गंभीर म्हणजे काय, हे डॉक्टरच्या मनावर नसतं. कायद्यानं आठ प्रकार ठरवून दिलेत आणि ते आम्हाला कॉलेजात पाढ्यांसारखे पाठ करायला लावले होते. पुरुषत्व जाणं. एका का होईना डोळ्याची दृष्टी कायमची जाणं, एका कानाचं ऐकणं कायमचं जाणं. एखादा अवयव किंवा सांधा गमावणं, नाहीतर त्याची ताकद कायमची जाणं. डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं. हाड किंवा दात मोडणं, निखळणं. आणि आठवा प्रकार, जिवाला धोका होईल अशी इजा, किंवा जिच्यामुळं माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहील वा त्याला रोजची कामं करता येणार नाहीत अशी इजा. आधीच्या कायद्यात हे वीस दिवस होते, नव्यात पंधरा झाले. या आठांत बसलं तर गंभीर, नाही बसलं तर साधी. त्यामुळं व्हायचं असं, की तोंड भोपळ्याएवढं सुजलेला, अंगभर वळ उठलेला माणूस साधा ठरायचा आणि एका दाताचा टवका उडालेला गंभीर. मला पहिल्या वर्षी याचा एवढा राग यायचा की विचारू नका. नंतर सवय झाली, आणि सवयीनंच घात केला.

साध्या दुखापतीत पोलीस काही करत नाहीत, म्हणजे त्यांना करताच येत नाही. अदखलपात्र म्हणून वहीत नोंद होते आणि सांगतात, कोर्टात जा. डोंगरातला माणूस कोर्टात जातोय कशाला! तो घरी जातो. गंभीर म्हटलं की गुन्हा नोंदला जातो, पोलीस वर वस्तीवर येतात, आरोपीला धरतात. जामीन मिळतो त्याला, पण गावादेखत धरून नेलेला असतो. एवढा फरक त्या एका रकान्यात.

त्या मावशी आल्या त्या एका मंगळवारी, दुपारच्या आधी. वय साठीच्या आसपास, धनगरवाड्यावरच्या. नवरा बरोबर होता आणि हवालदार. उजवं मनगट सुजलेलं, तळव्याला आणि कोपराला खरचटलेलं. झालं होतं असं. वाड्याच्या खाली कुणा पुण्याच्या माणसानं जागा घेऊन बंगला बांधला होता. धरणाच्या पाण्याकडे शेळ्या उतरायची वाट त्या जागेच्या कडेनं जायची. बंगला राखायला ठेवलेला माणूस जवळच्याच गावचा. त्यानं वाटेवर तार ओढली. मावशींनी ती वर उचलून शेळ्या खालून काढल्या, तसा तो शिव्या देत आला आणि त्यानं त्यांना बांधावरून खाली ढकललं. पडताना हात पुढं टेकला.

"मावशी, हात इकडं द्या."

त्यांनी हात दिला. मी मनगट चाचपलं. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो, तपकीर ओढणारे चिमूट ठेवतात तिथं. त्या खळग्यात मी बोट दाबलं. तोंडातून आवाज नाही, पण पायाची बोटं फरशीवर आवळली गेली. मी पाहिली, या डोळ्यांनी पाहिली.

"लई दुखतंय का?"

"वाईच."

नवरा मधेच म्हणाला, "तिला काय बी इचारा, वाईचच म्हणती. बाळंत होताना बी वाईचच म्हणत हुती."

आम्ही हसलो. हवालदार हसला, मी हसले, मावशीसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. मग मी दाखल्यावर लिहिलं, मनगटाला सूज, तळव्यावर व कोपरावर खरचटणे. खळग्यातल्या दुखण्याचं लिहिलं नाही. त्या 'वाईच' म्हणाल्या होत्या ना!

एक्सरेला भोरला पाठवलं. दुसऱ्या दिवशी हवालदार प्लेट घेऊन हजर. मी उजेडाला धरली. कुठं चीर नाही.

"मॅडम, साधी टाका ना. कागद आजच पाठवायचाय, साहेब मागं लागलेत."

आता खरं सांगायचं तर खळग्याखाली जे नावेच्या आकाराचं छोटं हाड असतं, त्याची चीर पहिल्या दिवशी एक्सरेत पुष्कळदा दिसतच नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे काय, शिकाऊ पोरांना मी स्वतः शिकवायची. खळग्यात दुखत असेल तर प्लेट कितीही स्वच्छ असो, अंगठ्यासकट प्लास्टर घालायचं, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्सरे काढायचा, आणि तोवर दाखल्यावर 'मत राखून ठेवले आहे' असं लिहायचं. चार शब्द. पण बाहेर लसीकरणाची रांग, आत एक सापाची केस, आणि हवालदार घड्याळाकडे बघतोय. मी 'साधी' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मावशींना तर आदल्या दिवशीच हाताला पट्टी बांधून, गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. "हाताला आराम द्या," म्हणाले. काय बोलणं हे! धनगरवाड्यावरच्या बाईला म्हणे आराम द्या.

पोलिसांनी अदखलपात्र नोंद केली. तारवाल्याला कळायला वेळ लागला नाही. मावशी पट्टी बांधलेल्या हातानं शेळ्या घेऊन खाली गेल्या की तो तारेपलीकडे उभा राहून म्हणायचा, "काय म्हातारे, साधंच लागलंय म्हणं तुला." हे मला नंतर मावशींच्या नवऱ्यानं सांगितलं. तार तशीच. शेळ्यांना पाण्यासाठी डोंगराला वळसा पडायचा. तो वळसा मी नंतर एकदा चालून पाहिला, माझ्या पायांनी दोन तास लागले. पाण्याविना शेळ्या राहत नाहीत आणि शेळ्यांविना ते दोघं राहू शकत नव्हते, एवढं साधं गणित होतं. ती वाट गेली की त्यांचं तिथलं राहणं संपलं.

पाच आठवड्यांनी मावशी पुन्हा आल्या. सूज उतरलेली, पण शेळ्यांसाठी पाला पाडायला आकडी धरली की हातातून सुटते म्हणाल्या. मी खळग्यात बोट दाबलं आणि या वेळी त्यांनी हात मागं ओढला. एक्सरे काढून आणला. त्या छोट्या हाडाच्या बरोबर मधून चीर, स्पष्ट, कडा झिजलेल्या. हाड मोडलेलं होतं आणि जुळलेलं नव्हतं. सातवा प्रकार.

मी त्याच दिवशी पुरवणी दाखला लिहिला, 'अस्थिभंग, गंभीर दुखापत'. वेळ पाच आठवड्यांपूर्वीच्या इजेशी जुळतो, असंही लिहिलं. आणि त्या कागदानं खरंच चक्र फिरलं. गुन्हा दाखल झाला. तारवाल्याला उचलला, तो जामिनावर सुटला, पण बंगल्याच्या मालकानं पुण्याहून फोन करून तार काढायला लावली, कोर्टाची भानगड नको म्हणून. शेळ्या पुन्हा जुन्या वाटेनं उतरायला लागल्या. मला वाटलं, निस्तरलं बाई एकदाचं. मावशींनी वाटीभर तूप आणून दिलं. मी ते घेतलं, खाल्लंसुद्धा.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा मी भोरच्या कोर्टात सकाळी जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मावशी आत होत्या. साक्ष संपवून बाहेर आल्या त्या चेहरा फुललेला. माझ्या शेजारी बसल्या.

"डाक्टरीणबाई, म्या समदं खरं सांगितलं. त्यो त्येचा वकील इचारतोय, हात मोडला तवा किती दिस घरी बसला? म्या म्हणलं, एक दिस बी न्हाई. दुसऱ्या दिशी शेरडं घिऊन रानात गेले. पाला पाडला, धार काढली. आमी काय बसून खाणारी माणसं हाय व्हय?"

त्यांच्या मागून सरकारी वकील बाहेर आले. कपाळाला हात. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, बाईनं वाट लावली. आता तो म्हणणार, हाड त्या दिवशी मोडलंच नव्हतं. मोडलं असतं तर ही पाला कशी पाडत होती? मधे कधीतरी रानात पडली असेल. पंधरा दिवसांचा मुद्दा तर गेलाच. आता सगळं तुमच्यावर आहे."

मावशी लांबून आमच्याकडे बघत होत्या, मान डोलावत होत्या. कधी घरी बसल्या नाहीत याचा त्यांना केवढा अभिमान! वाड्यावर एखादी बाई दुखण्याचं निमित्त करून बसली तर तिला नावं ठेवतात. भरल्या कोर्टात काळ्या कोटवाल्यानं विचारलं, बसला होतात का? कुठल्या तोंडानं 'हो' म्हणतील त्या? मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. वाटलं, अगं बाई, एकदा तरी म्हणायचंस की दुखत होतं म्हणून.

जेवणाच्या सुट्टीनंतर माझा पुकारा झाला. बचावाचा वकील तरुण होता, गोड बोलणारा.

"डॉक्टर, पहिला दाखला तुमच्याच अक्षरातला?"

"हो."

"त्यात हाड मोडल्याचा उल्लेख नाही. मत राखून ठेवलंय, असंही कुठं लिहिलेलं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"नोकरी किती वर्षं झाली आपली?"

"बावीस."

"म्हणजे बावीस वर्षांच्या अनुभवानं तुम्ही 'साधी' असं लिहिलंत. ते मत चुकीचं होतं का?"

बघा, इथं सगळं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, होय, चुकलं. पहिल्याच दिवशी नेमक्या त्याच खळग्यात त्यांना दुखत होतं, मी दाबून पाहिलं होतं, त्यांच्या पायाची बोटं आवळलेली पाहिली होती, आणि मी ते लिहिलं नाही. हाड त्याच दिवशी मोडलं होतं, याचा एवढा पुरावा जगात दुसरा नव्हता. न लिहिलेलं तो वकील मान्य करता ना करता, ते न्यायाधीशांनी बघितलं असतं. पण बोलायला तर हवं होतं! तोंड उघडलं तेव्हा समोर टंकलेखक बसलेला, त्याची बोटं तयार, आणि मला दिसला तो कागद जिल्ह्याला जाताना. चौकशी. 'कर्तव्यात कसूर'. बाकावर माझे दोन शिकाऊ डॉक्टर, साक्ष कशी देतात ते बघायला मीच आणलेले.

मी म्हणाले, "त्या दिवशीच्या तपासणीनुसार ते मत योग्य होतं."

"मधल्या पाच आठवड्यांत डोंगरात पडून हेच हाड मोडू शकतं का?"

"शक्यता नाकारता येत नाही."

सरकारी वकिलांनी उठून विचारलं, पहिल्या एक्सरेत अशी चीर न दिसणं शक्य आहे का? मी म्हणाले, शक्य आहे. न्यायाधीशांनी वर बघितलं, म्हणाले, "दोन्ही शक्य आहे म्हणता." मी म्हणाले, "हो." पाच मिनिटांत मी मोकळी. उतरताना मला हायसं वाटलं. मी इतकी हलकट निघेन असं मला कुणी आदल्या दिवशी सांगितलं असतं, तर मी त्याच्या तोंडावर हसले असते.

निकाल लागला. दोन शक्यता असल्या की फायदा आरोपीला, कायदा तसाच आहे आणि तसाच असावा. ढकललं हे सिद्ध, साधी दुखापत सिद्ध, हाड त्यानंच मोडलं हे संशयापलीकडे सिद्ध नाही. थोडा दंड भरून तारवाला घरी गेला. वर अपील करता येईल, असं सरकारी वकिलांनी मावशींच्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आता बास झालं साहेब.

आठवड्यात तार पुन्हा लागली, या वेळी काटेरी. शेळ्या विकून टाकल्या. एका हातानं पाला पडत नाही आणि म्हाताऱ्याला वळसा झेपत नाही. दोघं खाली मुलीकडे येऊन राहिले, दोन खोल्यांच्या घरात.

तिथून मावशी दवाखान्यात आल्या, थंडीनं मनगट ठणकतंय म्हणून. अंगठा आता पुरता वळत नव्हता, मूठ अर्धीच मिटत होती. सांध्याची ताकद कायमची जाणं, पाचवा प्रकार. पण तोही त्याच मोडीतून आलेला, आणि ती मोड तारवाल्यानं केल्याचं सिद्ध होत नाही, हे कोर्टात ठरून गेलं होतं. मी हात उलटसुलट करून बघत राहिले, उगीच. नवरा दाराशी उभा होता, चिडलेला.

"हिनंच घालवलं बाई. 'एक दिस बसले हुते' म्हणली असती तर काय जीव जात हुता का हिचा? वकील म्हणला, हिच्या बोलण्यानंच क्येस गेली. बापजाद्याची वाट गेली, शेरडं गेली. आता बसलीया पोरीच्या दारात."

मावशी त्याच्याकडे बघेनात. खाली मान घालून म्हणाल्या, "व्हय. माझ्याच तोंडानं गेलं. लई बोलले म्या." मग माझ्याकडे बघून, घाईघाईनं, जणू मला वाईट वाटेल म्हणून, "तुमी तर दोनदा कागूद लिवून दिला, बाई. तुमी काय कमी केलं न्हाई. ह्येला सांगा की वाईच, रोज बोलतोय मला."

त्यांनी माझ्याकडून एवढंच मागितलं होतं. दार लोटून तीन वाक्यं बोलले असते तर त्या घरातलं रोजचं बोलणं थांबलं असतं. मी म्हाताऱ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाबा, झालं ते झालं. आता त्यांना बोलू नका." आणि मलमाची चिठ्ठी लिहून दिली.

त्याला तीन हिवाळे झालेले नाहीत अजून. मी बदली घेऊन खाली आले. आता खळग्यात बोट दाबल्याशिवाय मनगट सोडत नाही, आणि राखून ठेवायचं मत राखूनच ठेवते, हवालदार कितीही कुरकुरू दे. त्याचा मावशींना काय उपयोग? मुलीच्या दारात बसून त्या रोज ऐकून घेतात की तुझ्या तोंडानं गेलं, आणि त्यांना ते पटलेलं आहे. त्यांच्या गावाला एसटीनं पाऊण तासात जाता येतं. मी गेलेले नाही. हे सगळं इथं लिहिलं, कारण मावशींना वाचता येत नाही.